क्लोरीनचा अर्धा न्यूट्रॉन आणि Na⁺ चे दहा इलेक्ट्रॉन

प्रश्न: "मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावी मराठी मिडियम. Na⁺ ला प्लस आहे तर इलेक्ट्रॉन एक वाढून 12 व्हायला पाहिजेत ना, उत्तरात 10 का? क्लोरीनचे न्यूट्रॉन तिचे 35.5 − 17 = 18.5 येतात, पुस्तकात 18 दिलेत. आणि नुसता चार्ज नि मास नंबर देऊन 'आयन ओळखा' म्हणतात तिथे ती पेनच खाली ठेवते. मी बीकॉम, मला काही सांगता येत नाही. कोणीतरी नीट समजावा."

ताई, तुम्ही बीकॉम आहात ना, मग पहिली गाठ तुमच्याच हाताने सुटेल, कारण ती केमिस्ट्रीची नाहीच, ती जमा-उधारीची आहे. मी वेंगुर्ल्याच्या बाजूला अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतो, 23 वर्षं झाली, आणि दर वर्षी सुरुवातीच्या आठवड्यात निम्म्या वर्गाचं उत्तर 12 च येतं. तुमच्या तिन्ही शंका वरून एकाच धड्यातल्या वाटतात पण तिन्हींचं मूळ वेगवेगळं आहे. पहिलीत चिन्हाचा घोळ आहे, दुसरीत दोन वेगळ्या आकड्यांना आपण एकच समजतो म्हणून घोळ होतो, आणि तिसरीत तर साधं समीकरण आहे, फक्त ते कोणी मांडून दाखवलेलं नसतं.

आता बघा. मुलांच्या डोक्यात प्लस म्हणजे काहीतरी आलं, वाढलं. पण आयनच्या डोक्यावरचा प्लस हा व्यवहार नाही, ती शिल्लक आहे. वाण्याच्या दुकानात तुमची वही असते तसं धरा. प्रत्येक प्रोटॉन म्हणजे एक रुपया जमा, प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक रुपया उधारी. सोडियमच्या वहीत 11 जमा, 11 उधारी, शिल्लक शून्य, म्हणून साध्या सोडियमवर काहीच चिन्ह नसतं. आता त्यातली एक उधारी कोणीतरी उचलून नेली, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गेला. जमा 11 च आहे, उधारी राहिली 10, शिल्लक आली अधिक एक. वहीत एक रुपया नवीन आलेला नाही तरी शिल्लक प्लसमधे गेली. हेच Na⁺. आणि ती उधारी ज्याच्या गळ्यात पडली तो क्लोरीन, त्याचे 17 जमा होते, 17 उधारी होती, आता उधारी 18, शिल्लक उणे एक, तो झाला Cl⁻. शिरोड्याच्या मिठागरातलं मीठ हातात घेतलंत तर त्यात हे दोघंच शेजारी शेजारी बसलेले असतात, सुटा सोडियम अणू किंवा सुटा क्लोरीन अणू त्यात नसतोच.

इलेक्ट्रॉनला मायनस का दिलं हा प्रश्न मुलं विचारतात आणि तो विचारायलाच पाहिजे. विजेला प्लस-मायनस ही नावं अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने लावली, तेव्हा इलेक्ट्रॉन नावाचं काही असतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. पुढे 1897 मधे थॉमसनने कॅथोड किरणांवरचे प्रयोग करून तो कण दाखवला तेव्हा तो निघाला नेमका मायनसवाल्या बाजूचा. नावं उलटी पडली असती तर आज तुमच्या मुलीचं उत्तर बरोबर असतं, इतकंच ते.

आता शिकवायची गोष्ट. बहुतेक क्लासमधे दोन नियम पाठ करून घेतात, प्लस असेल तर इलेक्ट्रॉन वजा करा, मायनस असेल तर मिळवा. मी हे मुद्दाम शिकवत नाही. दोन उलटे नियम पाठ केले की परीक्षेत त्यातला कुठला कुठे हे विसरायला होतं, आणि विसरल्यावर पकडायला काहीच राहत नाही. मी एकच ओळ लिहायला लावतो:

चार्ज = प्रोटॉन − इलेक्ट्रॉन

म्हणजेच इलेक्ट्रॉन = प्रोटॉन − चार्ज, आणि चार्ज चिन्हासकट टाकायचा. सोडियमला 11 − (+1) = 10. क्लोरीनला 17 − (−1) = 18, कारण उणे उणे अधिक, ते तर सातवी-आठवीत झालंय. उत्तर आलं की तीच ओळ उलटी लावून बघायची, 11 − 10 किती, +1, वर लिहिलेला चार्ज जुळला का, जुळला. तुमच्या भाषेत टॅली झालं. मुलीने 12 लिहिलं असतं तर 11 − 12 = −1 आलं असतं आणि कागदावर तर प्लस आहे, म्हणजे चूक तिची तिलाच सापडली असती.

एक दुसरी चूक याच्या उलट बाजूने येते, ती जास्त वाईट. काही मुलं म्हणतात प्लस आलाय ना, मग इलेक्ट्रॉन 11 च ठेवू, प्रोटॉन 12 करू, शिल्लक तर +1 च येते. हिशोब जुळतो हो, पण 12 प्रोटॉन म्हटल्याक्षणी तो सोडियम राहिला नाही, मॅग्नेशियम झाला. मूलद्रव्याचं नाव हे प्रोटॉनच्या संख्येवरच ठरतं, बाकी कशावर नाही. 1913 मधे मोझलीने वेगवेगळ्या धातूंचे क्ष-किरण मोजले तेव्हा हे पक्कं झालं, की तक्त्यातला अणुअंक हा नुसता रोल नंबर नाही, तो केंद्रकावरचा खरा प्रभार आहे. आणि प्रोटॉन सहजासहजी हलतही नाही. सोडियमचा बाहेरचा एक इलेक्ट्रॉन काढायला साधारण 5 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, केंद्रकातून एक प्रोटॉन उपटायचा म्हटलं तर त्याच्या दहा लाखपटीहून जास्त. चूल पेटवा, आम्ल ओता, समुद्राचं पाणी उन्हात आटवा, काहीही केलंत तरी केंद्रकाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून अणूचा आयन होताना प्रोटॉन तेच, न्यूट्रॉन तेच, हलतो तो फक्त इलेक्ट्रॉन. मास नंबरही त्यामुळे बदलत नाही, कारण त्यात इलेक्ट्रॉन मोजलेलेच नसतात. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान प्रोटॉनच्या 1836 व्या भागाएवढं, एखादा गेला काय नि आला काय.

सोडियमवर गोष्ट सोपी वाटते म्हणून मी लगेच लोखंडावर जातो, आणि आमच्याकडे त्यासाठी लांब जावं लागत नाही. शिरोड्याला लागूनच रेडी आहे, तिथल्या खाणीची लाल माती तुम्ही पाहिली असेल, रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवरसुद्धा ती बसते. त्या लाल रंगामागे Fe³⁺ आहे, आणि आपल्या घराच्या जांभ्याच्या चिऱ्याचा तांबूस रंगसुद्धा त्याचाच. मुलीला म्हणा ⁵⁶Fe³⁺ मधे काय काय ते काढ. लोखंडाचा अणुअंक 26, तो तक्त्यातनं बघायचा, म्हणजे प्रोटॉन 26. मास नंबर 56, तो प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून, म्हणून न्यूट्रॉन 56 − 26 = 30. इलेक्ट्रॉन 26 − (+3) = 23. टॅली करा, 26 − 23 = +3, जुळलं.

इथे एक गंमत होते. सोडियम आयनचे इलेक्ट्रॉन 10 येतात, क्लोराइडचे 18, आणि मुलांना कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की आयनमधले इलेक्ट्रॉन नेहमी निष्क्रिय वायूएवढे येतात, 2, 10, 18, 36. मग लोखंडाचे 23 आले की हुशार मुलगासुद्धा गडबडतो आणि खोडून 18 करतो. मी एकाच्या वहीत पाहिलंय, 23 बरोबर लिहिलेलं, त्यावर खोडरबर फिरवून कागद फाटेस्तोवर पुसलेलं आणि 18 लिहिलेलं. तर निष्क्रिय वायूवाली गोष्ट सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम, क्लोरीन, ऑक्सिजन अशांना पडताळणी म्हणून चांगली आहे, पण लोखंड, तांबं, मँगनीज अशा मधल्या पट्ट्यातल्या धातूंना ती लागत नाही. तिथे वहीची शिल्लक बोलेल तेच खरं. Fe²⁺ असेल तर 24, Fe³⁺ असेल तर 23, आणि यातलं कुठलं आहे ते गणितातच दिलेलं असावं लागतं, तुम्ही मनाने ठरवू शकत नाही.

टायपिंगचा एक त्रास सांगून ठेवतो कारण यावर्षी तो फार झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर वरचा आकडा उमटत नाही म्हणून सगळे Fe3+ असं सरळ टाईप करतात, आणि एका मुलीने ते लोखंडाचे तीन अणू आणि एक प्लस असं वाचून 26 गुणिले 3 करून ठेवलं होतं. तिची चूक नाही म्हणणार मी. वहीत लिहिताना 3+ वर उजवीकडे, बारीक, एकत्र. डावीकडच्या दोन आकड्यांत मास नंबर वर आणि अणुअंक खाली, पण काही तक्त्यांमधे घरातली जागा उलटी असते, त्यामुळे जागा पाठ करू नका, दोनातला मोठा तो मास नंबर एवढं ध्यानात ठेवा. दोन्ही सारखे फक्त साध्या हायड्रोजनचे असतात, 1 आणि 1, कारण त्याच्याकडे न्यूट्रॉनच नाही.

आता दुसरी शंका, 18.5 वाली, आणि खरं सांगायचं तर मला तुमच्या मुलीची हीच चूक आवडली. मी नवीन होतो तेव्हा फळ्यावर मीच क्लोरीनच्या डोक्यावर 35.5 लिहून न्यूट्रॉन काढायला सांगितले होते, घाईत, तक्त्यात बघून. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, अर्धो न्यूट्रॉन खंय रवता?" वर्ग हसला, मी पण हसलो, पण उत्तर द्यायला मला तो तास पुरला नाही, कारण प्रश्न थट्टेचा नव्हता.

हाच अर्धा मोठमोठ्या लोकांना शंभर वर्षं सलत होता. 1815 मधे विल्यम प्राउट नावाच्या इंग्रज डॉक्टरने म्हटलं होतं की सगळ्या मूलद्रव्यांची वजनं हायड्रोजनच्या पूर्ण पटीत येतात, म्हणजे सगळं बहुतेक त्याच एका विटेचं बांधलेलं असावं. कल्पना सुंदर, पण क्लोरीन मोजला की 35.5 यायचा, पुन्हा मोजला तरी 35.5, आणि साडेपस्तीस विटांचं घर कसं बांधणार. मग 1919-20 च्या सुमारास केंब्रिजला अ‍ॅस्टनने मास स्पेक्ट्रोग्राफ वापरला, ज्यात आयन त्यांच्या वजनाप्रमाणे वेगवेगळ्या जागी फोटोच्या काचेवर येऊन पडतात. क्लोरीन घातल्यावर 35 च्या जागी एक रेघ आली, 37 च्या जागी दुसरी आली, आणि 35.5 च्या जागी काहीच नव्हतं. साडेपस्तीसचा अणू अस्तित्वातच नव्हता. न्यूट्रॉनचा शोध तर त्यानंतर लागला, 1932 मधे, चॅडविकने लावला, तेव्हा कळलं की 35 वाल्यात 18 आणि 37 वाल्यात 20 न्यूट्रॉन असतात, प्रोटॉन दोघांतही 17 च.

आपल्याकडे हे समजवायला आंब्याची पेटी बेस्ट. समजा टेम्पोत चार पेट्या चढवल्या, तीन चार डझनी आणि एक पाच डझनी. एकूण 17 डझन, पेटीमागे सरासरी सव्वाचार डझन. आता कोणी म्हणालं मला सव्वाचार डझनी पेटी उघडून दाखवा, तर ती कुठे आहे? टेम्पोत नाही, बाजारात पण नाही. ती फक्त हिशोबात आहे. क्लोरीनचं अगदी तसंच, चार अणू घेतले तर साधारण तीन 35 चे नि एक 37 चा, 35 × 3 + 37 = 142, भागिले 4, आले 35.5. बारीक मोजलं तर शंभरात 76 च्या आसपास 35 वाले आणि 24 च्या आसपास 37 वाले निघतात आणि तक्त्यातला आकडा 35.45 येतो, पुस्तकं तोच गोल करून 35.5 लिहितात.

तर तक्त्यातला दशांशवाला आकडा हा सरासरी अणुवस्तुमान, तो टेम्पोचा आकडा. मास नंबर म्हणजे अणुवस्तुमानांक हा एका पेटीतल्या नगांची मोजणी, तो पूर्णांकच असणार, त्यात दशांश चिन्ह आलं की समजायचं आपण चुकीच्या रकान्यातनं आकडा उचलला. न्यूट्रॉन काढायचे ते मास नंबरमधून, सरासरीतून कधीच नाही.

"मग गोल करून घेतलं तर चालेल ना?" हा पुढचा प्रश्न येतो, आणि इथे मला थोडं भांडावंसं वाटतं कारण गोल करायचा शॉर्टकट सगळीकडे सर्रास शिकवतात. सोडियमला चालतो, 22.99 चे 23, आणि निसर्गात सोडियम 23 चाच मिळतो, झालं. पण पुस्तकातला 35.5 गोल केलात तर शाळेच्या नियमाने 36 होतात आणि न्यूट्रॉन येतात 19, जे पुस्तकाच्या 18 शी पण जुळत नाहीत आणि मिठातल्या क्लोरीनशी पण नाहीत, कारण 36 वाला क्लोरीन किरणोत्सारी, निसर्गात नाममात्र. त्याहून सरळ फसवणूक ब्रोमीनची. तक्त्यात 79.90, कोणीही डोळे झाकून 80 म्हणेल, न्यूट्रॉन 45. पण निसर्गातला ब्रोमीन जवळजवळ निम्मा 79 चा आणि निम्मा 81 चा आहे, मधला 80 चा मिळतच नाही. न्यूट्रॉन एकतर 44 किंवा 46, पंचेचाळीसवाला कोणी नाही. तांब्याचं तेच, 63.55 चे 64 करतात आणि तांबं असतं 63 आणि 65 चं.

त्यामुळे प्रामाणिक उत्तर असं आहे की गणितात मास नंबर दिलेला नसेल तर न्यूट्रॉन काढताच येत नाहीत, नुसत्या मूलद्रव्याच्या नावावरून प्रोटॉन कळतात, बस. परीक्षेत मात्र असं लिहून भागत नाही हे मलाही माहिती आहे. तेव्हा मी मुलांना सांगतो, 'क्लोरीन-35 धरून' असे दोन शब्द उत्तराच्या आधी लिहा आणि पुढे 35 − 17 = 18 करा. काय धरलंय ते कागदावर असलं की तपासणाऱ्याला बोलायला जागा राहत नाही. तुमच्या पुस्तकातल्या 18 मागे हेच आहे, त्यांनी 35 वाला धरलाय आणि धरलाय हे लिहिलेलं नाही.

मराठी मिडियमचं म्हणालात म्हणून जाता जाता एक. तिच्या दहावीच्या पुस्तकात अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हल्ली मुलं हिंदी व्हिडिओ बघतात आणि हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि मॉलिक्यूलला अणु. म्हणजे तोच शब्द, अर्थ पार दुसरा. माझ्याकडे एक मुलगा 'क्लोरीन अणू' म्हटलं की दर वेळी 34 प्रोटॉन काढायचा, मला कळेना का, शेवटी लक्षात आलं की तो हिंदीतला अणु, म्हणजे Cl₂, धरून दोघांचे मिळून मोजतोय. तुमची मुलगी असले व्हिडिओ बघत असेल तर एकदा विचारून घ्या.

इथवरचं एका ओळीत सांगायचं तर प्रोटॉन अणुअंकावरून, न्यूट्रॉन मास नंबर उणे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन प्रोटॉन उणे चार्ज, आणि ह्याच क्रमाने, कारण प्रोटॉन हातात नसतील तर पुढचं दोन्ही अडतं. आणि 'आयन ओळखा'वाल्या गणितात नेमके तेच लपवलेले असतात, म्हणून पेन खाली जातं.

त्यावर माझा उपाय असा की जे सगळ्यात कमी माहीत आहे त्याला x म्हणायचं, आणि बहुतेक वेळा ते इलेक्ट्रॉन असतात, कारण गणितवाले तुलना इलेक्ट्रॉनशी करतात. एक करून दाखवतो, हे मी वर्गात देतो. एका आयनचा मास नंबर 48, चार्ज 4+, आणि त्यात न्यूट्रॉन इलेक्ट्रॉनपेक्षा 8 ने जास्त आहेत, ओळखा कोण.

इलेक्ट्रॉन x धरले. न्यूट्रॉन झाले x + 8, ते तर वाक्यातच दिलंय. आता प्रोटॉन, आणि इथेच गाडी घसरते. चार्ज प्लस चार म्हणजे प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा चाराने जास्त, म्हणून x + 4. मुलं x − 4 लिहितात, कारण डोक्यात 'प्लस म्हणजे चार गेले' एवढं वाक्य असतं आणि गेले म्हटलं की हात आपोआप वजा करतो. गेले ते इलेक्ट्रॉन गेले, आणि x हे गेल्यानंतर उरलेले इलेक्ट्रॉन आहेत, मूळचे नाहीत. पुन्हा तीच वही, शिल्लक +4, म्हणजे जमा उधारीपेक्षा चाराने जास्त. मग

(x + 4) + (x + 8) = 48
2x = 36
x = 18

इलेक्ट्रॉन 18, प्रोटॉन 22, न्यूट्रॉन 26. तक्त्यात 22 नंबरला टायटॅनियम, तर आयन ⁴⁸Ti⁴⁺. टॅली दोनदा करायची, 22 + 26 = 48 आणि 22 − 18 = +4.

आता समजा मुलीने x − 4 लिहिलं असतं तर 2x + 4 = 48, x = 22, प्रोटॉन 18, आणि तक्त्यात 18 ला आरगॉन, निष्क्रिय वायू, त्याच्यावर 4+ चार्ज. इथे थांबून स्वतःशीच म्हणायला पाहिजे की हे शक्य दिसत नाही. वही तर लगेच सांगते, 18 − 22 = −4, आणि दिलंय +4. अशा गणितात चूक झाली की उत्तर सहसा असं कुठेतरी विचित्र घरात जाऊन पडतं. दुसरी खूण म्हणजे x अपूर्णांकात येणं. टक्केवारीवाली गणितं असतात, न्यूट्रॉन इलेक्ट्रॉनपेक्षा इतके टक्के जास्त, तिथे टक्केवारीच गोल करून दिलेली असल्यामुळे 22.99 किंवा 23.01 असं येऊ शकतं, ते 23 धरायला हरकत नाही. पण 22.4 असं काही आलं तर ते गोल करू नका, मागे जाऊन चिन्ह तपासा.

तिसरी खूण मी हलक्या हाताने सांगतो कारण ती नियम नाही, अंदाज आहे. न्यूट्रॉन साधारणपणे प्रोटॉनएवढे किंवा त्याहून जास्त असतात, हलक्या मूलद्रव्यांत जवळपास सारखे, ऑक्सिजनला 8 नि 8, लोखंडाला 26 नि 30, आणि शिशासारख्या जड धातूला तर 82 प्रोटॉनला सव्वाशेच्या आसपास. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा कमी आले तर साधा हायड्रोजन आणि हेलियम-3 हे दोन सोडून बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते.

मुलीला आज तीनच द्या, जास्त नको. ⁸¹Br⁻ चे तिन्ही आकडे काढायचे. मग ²⁷Al³⁺ चे. आणि तिसरं उलटं, मास नंबर 34, चार्ज 2−, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन समान, कोण ते ओळखायचं. पहिल्याचं 35, 46, 36. दुसऱ्याचं 13, 14, 10. तिसऱ्यात इलेक्ट्रॉन x, न्यूट्रॉनही x, प्रोटॉन x − 2, बेरीज 34, म्हणून x 18 आणि प्रोटॉन 16, गंधक, ³⁴S²⁻. तिने गंधक-32 ऐकलेलं असणार आणि 34 बघून ती म्हणेल छापायची चूक आहे. चूक नाही, 34 वाला गंधकही निसर्गात आहे, शंभरात चारेक. तिसऱ्यात x + 2 लिहिलं तर x येतो 16 आणि प्रोटॉन 18, पुन्हा तोच आरगॉन. तसं झालं तर खोडू देऊ नका, शेजारी वही काढायला सांगा, जमा किती, उधारी किती, आणि मग कुठली बाजू जड ते तिलाच बोलू द्या.